फवारा मारला, पोळं पाडलं, तरी त्याच जागी पुन्हा माशा: आधी फोटोत ती कोण आहे ते ओळखा

छताच्या कडेला किंवा भिंतीतल्या फटीत माशांची ये-जा दिसते. कोणीतरी डब्यातला फवारा मारतं. दोन-तीन दिवस शांतता असते, आठवड्याभरात तीच ये-जा पुन्हा सुरू होते. मग आणखी जहाल फवारा आणला जातो आणि पुन्हा तेच होतं. अशा तक्रारीत दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. माशी कोणती हे न ठरवता उपाय केलेला असतो.

आपल्या भाषेचाही यात थोडा हात आहे. इंग्रजीत ज्यांना वास्प आणि हॉर्नेट अशी दोन वेगळी नावं आहेत, त्या दोघींना आपण गांधीलमाशीच म्हणतो. त्यात पिवळे पट्टे दिसले की काहीजण मधमाशीलाही गांधील म्हणून मोकळे होतात. पोळं काढायच्या दृष्टीने मात्र या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मधमाशी मेणाची घरं बांधून त्यात मध साठवते, म्हणून ती मेली तरी तिचा पसारा मागे उरतो. कागदी छत्रीसारखं पोळं करणारी सडपातळ गांधील आठवड्यात तेच पोळं पुन्हा बांधू शकते. हॉर्नेट ही आडव्या अंगाची मोठी गांधील, तिच्या पोळ्याच्या वाटेला घरच्या माणसाने जाऊच नये. खाली साधी गांधील आणि हॉर्नेट असे दोन शब्द वापरले आहेत.

फोटो कसा काढायचा

पोळ्याचा लांबून काढलेला फोटो आणि एका माशीचा जवळून काढलेला फोटो, असे दोन्ही हवेत. माशीचा फोटो काढायला पोळ्यापाशी जायची गरज नाही. खिडकीच्या कठड्यावर किंवा दिव्याखाली मेलेली एखादी सापडतेच. ती चिमट्याने उचला, बोटाने नको, कारण मेलेल्या माशीची नांगीही काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने टोचू शकते. पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी ठेवून तीन फोटो घ्या: एक बाजूने, एक वरून, एक समोरून चेहऱ्याचा. उजेड दिवसाचा असू द्या. कमी उजेडात फोन चित्रातले दाणे पुसून गुळगुळीत करतो आणि नेमकी अंगावरची लव त्यात नाहीशी होते. केसाळ मधमाशी मग गुळगुळीत गांधीलीसारखी दिसते. चुकीच्या ओळखीचं हे अगदी नेहमीचं कारण.

मेलेली सापडली नाही तर काही मीटर दूर, त्यांच्या उडण्याच्या वाटेच्या बाजूला उभं राहून झूमने व्हिडिओ घ्या आणि त्यातली स्पष्ट चौकट निवडा. फ्लॅश लावू नका. पोळ्याजवळ तोंड नेऊन श्वास सोडू नका, श्वासाने त्या चवताळतात.

फोटोत कुठे पाहायचं

रंग आणि पट्टे शेवटी पाहा. पिवळे-काळे पट्टे मधमाशीला असतात, दोन्ही गांधीलींना असतात आणि फुलांवर तरंगणाऱ्या निरुपद्रवी होवरफ्लाय माशीलाही असतात. होवरफ्लायला पंखांची एकच जोडी असते, मिशा अगदी आखूड असतात, आणि ती पोळं करत नाही. शेजारी पट्टी नसेल तर आकारावरही जाऊ नका. मोबाइलच्या पडद्यावर सगळ्याच माशा राक्षसी दिसतात.

पहिली नजर मागच्या पायावर टाका. मधमाशीच्या मागच्या पायाची नडगी खाली रुंद होत जाते आणि तिच्याखालचा भाग चपट्या फळीसारखा असतो. पराग वाहून न्यायची सोय तिथेच असते. त्या पायावर पिवळा किंवा केशरी गोळा दिसला तर प्रश्नच मिटला, गांधीलमाश्या पायावर पराग बांधून घरी नेत नाहीत. गोळा दिसला नाही तर मात्र उलटं अनुमान काढू नका. मकरंद किंवा पाणी आणणाऱ्या मधमाश्यांचे पाय रिकामेच असतात. अशा वेळी पायाची रुंदी पाहायची. गांधीलीचा पाय वरपासून खालपर्यंत काटकीसारखा बारीक असतो.

मग डोळा. मधमाशीचा डोळा सलग लांबट अंडाकृती असतो. साध्या गांधीलीचा आणि हॉर्नेटचा डोळा काजूसारखा, मिशीच्या बाजूने आत खाच घेतलेला असतो. समोरून काढलेल्या फोटोत ही खाच इतकी स्पष्ट दिसते की बाकी सगळं धूसर असलं तरी काम भागतं.

तिसरी खूण पंखांची. या दोन्ही गांधीली बसल्या की पुढचे पंख लांबीच्या दिशेने घडी घालून ठेवतात, त्यामुळे पाठीवर दोन अरुंद तपकिरी पट्ट्या पडल्यासारख्या दिसतात. मधमाशी पंखांची अशी घडी घालत नाही, तिचे पंख पाठीवर सपाट, रुंद पसरलेले असतात. मेलेल्या माशीत पंख विस्कटलेले असू शकतात, म्हणून ही खूण जिवंत माशीच्या फोटोत धरावी.

लव चौथ्या क्रमांकावर, आणि तीही सांभाळून. मधमाशीच्या छातीवर दाट लव असते हे खरं, पण म्हाताऱ्या कामकरी माशीची लव झिजते आणि ती काळी चकचकीत दिसू लागते. अशा टकल्या मधमाशीला भले भले गांधील समजतात. लव आणि पाय यांचं पटत नसेल तर पायाचं ऐका.

गांधील आहे हे ठरलं की साधी की हॉर्नेट हे दोन जागी कळतं. कंबरेनंतर पोट कसं सुरू होतं ते बाजूने पाहा. कागदी छत्रीवाल्या साध्या गांधीलीचं पोट निमुळतं सुरू होऊन हळूहळू जाड होतं, सूत कातायच्या चातीसारखं. हॉर्नेटचं पोट कंबरेला लागूनच एकदम उभ्या भिंतीसारखं जाड सुरू होतं. आता वरून डोकं पाहा. डोळ्यांच्या मागे डोक्याचा बराच भाग उरत असेल, गाल फुगल्यासारखे दिसत असतील, आणि माथ्यावरचे तीन बारीक साधे डोळे डोक्याच्या मागच्या कडेपासून चांगले लांब असतील, तर ती हॉर्नेट. जमिनीत किंवा पोकळीत राहणाऱ्या मध्यम आकाराच्या काही गांधीलींचं पोटही हॉर्नेटसारखं एकदम जाड सुरू होतं, पण त्यांचा माथा मागे आखूड असतो. पोळं काढताना त्यांनाही हॉर्नेटचाच नियम लावावा.

उडतानाच्या व्हिडिओत आणखी एक सोपी खूण मिळते. छत्रीवाली गांधील उडताना मागचे लांब पाय खाली लोंबकळत ठेवते.

आता पोळ्याचा फोटो याच्याशी ताडून पाहा. मेणाचं पोळं उभं लोंबतं आणि त्याला दोन्ही बाजूंना घरं असतात. लाकूड चघळून केलेल्या राखाडी कागदाचं पोळं आडवं असतं, घरांची तोंडं फक्त खाली असतात. एका देठाला लटकलेली उघडी छत्री साध्या गांधीलीची. शंखासारख्या नक्षीचं कागदी आवरण आणि एकच दार असेल तर हॉर्नेट किंवा तिची आवरणवाली बहीण. मातीची मडकी किंवा नळ्या एकट्या राहणाऱ्या कुंभारमाशीच्या. तिथे राखण करणारी फौज नसते, त्यामुळे ओल्या कापडाने आणि खरवडणीने काम होतं.

एक प्रकरण पहिल्यापासून

खिडकीच्या वरच्या लाकडी पट्टीत बोटभर फट आहे. माशा आत-बाहेर करतात. घरच्यांनी दोन महिन्यांत तीनदा फवारा मारला, दर वेळी आठवड्याभरात त्या परत आल्या. सोबतचा फोटो संध्याकाळचा, थोडा हललेला. त्यात तपकिरी-पिवळी, चकचकीत माशी. घरच्यांचं म्हणणं, गांधील आहे.

फोटो मोठा करून पाहिला की पाय दिसतो: मागची नडगी रुंद आणि खाली चपटी. डोळा सलग, खाच नाही. पंख सपाट. छातीच्या कडेवर, पार्श्वभूमीच्या उजेडात, लवेची धूसर झालर. ही मधमाशी आहे. चकचकीतपणा थोडा तिच्या वयाचा, थोडा फोनच्या करामतीचा.

म्हणजे तीनदा मारलेला फवारा फक्त दारातल्या माशांवर पडला होता. आत मेणाच्या पोळ्यांच्या रांगा आहेत, कदाचित फटीपासून हातभर लांब. बंद घरांमधल्या कोषांपर्यंत फवारा पोचत नाही. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला सुमारे 21 दिवस लागतात, त्यातले शेवटचे 12 दिवस ती मेणाच्या झाकणाखाली असते. दारातल्या माशा मेल्या तरी रोज नव्या निपजत राहतात. राणी जिवंत असेल तर वसाहत पुन्हा भरून येते.

चौथ्या खेपेला फवारा खरोखर लागू पडला असता तर गोष्ट आणखी बिघडली असती. जिवंत माशा पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. त्या गेल्या की उन्हाच्या तापाने मेण मऊ पडतं आणि मध भिंतीत झिरपतो. रंगावर काळपट ओल उमटते, मेलेल्या अळ्यांचा वास सुटतो, मग मुंग्या आणि मेणकिडे येतात. आसपासच्या मधमाश्या तो विषारी मध लुटून आपापल्या घरी नेतात. शिवाय जुन्या मेणाचा वास नव्या थव्याच्या टेहळ्यांना खूप आवडतो, म्हणून पुढच्या हंगामात त्याच भोकात दुसरं मोहोळ बसतं. घरच्यांना वाटतं जुन्याच माशा परतल्या.

इथला उपाय म्हणजे पोळी बाहेर काढणं आणि पोकळी बंद करणं, आणि हे काम मधमाश्या पकडणाऱ्या पेटीवाल्या जाणकाराचं. आधी पोळं नेमकं कुठे आहे ते शोधायचं. अळ्यांचा भाग माशा 34 ते 35 अंश सेल्सियसवर राखतात, त्यामुळे पहाटेच्या थंडीत उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात तो भिंतीवर उजळ डागासारखा दिसतो. कॅमेरा नसेल तर रात्री आतल्या बाजूने भिंतीला कान लावून गुणगुण कुठे दाट आहे ते ऐकायचं. मग त्या जागची पट्टी किंवा फळी उघडायची आणि हलका धूर द्यायचा. अळ्यांची पोळी कापून चौकटीत रबराने बांधायची, राणी सापडली की पेटीत ठेवायची, म्हणजे उरलेल्या माशा तिच्यामागे येतात. मधाची पोळी पूर्ण काढायची, मेण खरवडायचं, जागा धुऊन वाळवायची. विष आधीच मारलेलं असेल तर तो मध कोणी खाऊ नये आणि उघड्यावरही टाकू नये. दुसऱ्या माशा तो लुटतात, म्हणून पिशवीत घट्ट बांधून विल्हेवाट लावायची.

भिंत उघडणं शक्यच नसेल तर दारावर तारेच्या जाळीचा शंकू बसवतात. रुंद तोंड भिंतीला, साधारण फूटभर लांब, टोकाला एक माशी बाहेर पडेल एवढं, सुमारे 1 सेंटिमीटरचं भोक. बाहेर पडलेली माशी ते टोक शोधू शकत नाही आणि शेजारी ठेवलेल्या पेटीत जाते. याला चार ते आठ आठवडे लागतात, कारण आतल्या सगळ्या अळ्या माशा होऊन बाहेर पडाव्या लागतात. मर्यादाही मोठी आहे: राणी बहुधा बाहेर येत नाही आणि मध आतच राहतो. घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. मध्येच कंटाळून शंकू काढला की सगळं पहिल्यापासून.

शेवटचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. रिकामी पोकळी इन्सुलेशनने किंवा दुसऱ्या भरावाने पूर्ण भरायची आणि आजूबाजूच्या सगळ्या फटी बुजवायच्या. हवा खेळायला भोक ठेवायचंच असेल तर 3 मिलिमीटरची जाळी लावायची. फक्त जुनं दार बुजवलं तर टेहळ्यांना दोन वीत पलीकडची फट सापडते.

फांदीला किंवा कुंपणाला लटकलेला नुसता माशांचा घोस असेल, आत मेण नसेल, तर तो वाटेवरचा थवा असतो. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत तो आपोआप जातो. त्याला काही करू नका. उलट, उंच कड्याखाली किंवा इमारतीच्या छज्जाखाली पडद्यासारखं उघडं लोंबणारं मोठं एकच पोळं म्हणजे आग्या मोहोळ. त्या माशा हंगामाप्रमाणे स्थलांतर करतात आणि त्याच जागी परत येतात. ओळखीत त्या मधमाश्या असल्या तरी चवताळल्या की एकत्र तुटून पडतात आणि लांबवर पाठलाग करतात. त्यांच्याजवळ धूर किंवा जाळ घेऊन घरच्या माणसाने जाऊ नये.

छत्रीवाली गांधील परत का येते

इथे कारण साधं आहे. पोळं भरदुपारी काठीने पाडलेलं असतं. निम्म्या माशा तेव्हा शिकारीला बाहेर असतात. संध्याकाळी त्या परततात, पोळं नसतं पण देठाचा खुंट असतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथेच नवं काम सुरू होतं.

आधी खरंच काढायचं आहे का ते ठरवा. वाटेत नसलेलं, डोक्याच्या उंचीवर नसलेलं पोळं राहू द्यावं. त्या बागेतल्या अळ्या मारून पिल्लांना घालतात. दारावरच असेल तर अंधार पडल्यावर, सगळ्या पोळ्यावर बसलेल्या असताना काम करा. उजेड लाल हवा. पांढऱ्या टॉर्चवर त्या थेट झेपावतात, लाल रंग त्यांना जवळजवळ दिसत नाही. तळहाताएवढ्या पोळ्यासाठी रुंद तोंडाची बरणी खालून वर नेऊन पोळं पूर्ण आत घ्या, जाड पुठ्ठा छताला घासत सरकवून देठ कापा, झाकण लावा आणि बरणी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. अंगात जाड बाह्यांचे कपडे, हातमोजे, चेहऱ्यावर जाळी. मग खुंट खरवडून साबणाच्या पाण्याने जागा पुसा. खुंट राहिला तर पुन्हा तिथेच बांधकाम होण्याची शक्यता राहते.

शिडी लागणार असेल तर हे करू नका. एक डंख बसला तर माणूस सहसा निभावून नेतो, शिडीवरून पडला तर हाड मोडतं. आणि हंगामाच्या सुरुवातीला देठावर चार-सहा घरं आणि एकटी राणी दिसली तर तेव्हाच काढा, इतकं सोपं पुन्हा कधी नसतं.

हॉर्नेट असेल तर

फोटोत फुगीर गाल आणि उभ्या भिंतीचं पोट दिसलं की तिथे घरगुती प्रयोग बंद. पोळ्याला टेकलेली शिडी, ड्रिल किंवा फांदी कापायची करवत, एवढ्या कंपनानेही पहारेकरी बाहेर येतात. त्यांची नांगी गुळगुळीत असल्यामुळे एकच माशी अनेकदा डंख मारते. मधमाशीला शांत करणारा धूर इथे तसा चालत नाही. धुराने मधमाश्या मध पिऊन जड होतात, हॉर्नेटच्या पोळ्यात पिण्यासारखा मधाचा साठाच नसतो. मधमाश्यांसाठीचा साधा पोशाखही पुरत नाही. सर्वांत मोठ्या आशियाई हॉर्नेटची नांगी सुमारे 6 मिलिमीटर लांब असते आणि ती पातळ कापडातून आरपार जाते.

भिंतीतल्या पोळ्याचं दार सिमेंटने किंवा फोमने बुजवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अडकलेल्या माशा आतल्या बाजूने जिप्समची पातळ भिंत कुरतडून खोलीत उतरतात. जाणकार माणूस दार उघडंच ठेवून रात्री त्यात भुकटीचं कीटकनाशक फुंकतो, कारण येता-जाता पायाला लागलेली भुकटी माशाच आत खोलवर नेतात. एक-दोन दिवसांनी ये-जा पूर्ण थांबली हे पाहून मगच पोळं काढतात आणि फट बुजवतात. रात्री बाहेर राहिलेल्या काही माशा त्यानंतरही काही दिवस त्या जागी घिरट्या घालतात. ती नवी वसाहत नव्हे, त्यासाठी पुन्हा फवारणी करू नका.

काम देण्याआधी उन्हात दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. एकही माशी आत-बाहेर करत नसेल तर तो बहुधा गेल्या हंगामाचा रिकामा कागद आहे. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी पाहून खात्री करा. रिकाम्या पोळ्यात औषध मारण्यात अर्थ नाही, हॉर्नेट सहसा जुनं पोळं पुन्हा वापरत नाहीत.

डंख बसलाच तर

कातडीत नांगी रुतून राहिली असेल तर ती मधमाशी होती. नखाने ओढा, पट्टीने खरवडा, कसंही काढा, पण लगेच काढा, कारण ती सुटी नांगीही विष सोडत राहते. मधमाशीच्या डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्या माश्यांना तिथेच बोलावतो. म्हणून आधी जागेवरून दूर व्हा, शक्यतो घरात किंवा गाडीत शिरा. हातवारे करत उभं राहू नका. अंगभर गांधी उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, धाप, चक्कर, यातलं काहीही दिसलं किंवा एकाच वेळी बरेच डंख बसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच आपत्कालीन वैद्यकीय मदत बोलवा. अ‍ॅलर्जी आधीपासून माहीत असलेल्या माणसाकडे एपिनेफ्रिनचं इंजेक्शन असेल तर ते तिथेच द्या. अशा माणसाने पोळ्याचा जवळून फोटो काढायलाही पुढे होऊ नये.